केस बदला, चेहऱ्याला हात लावू नका

(पॉडकास्टच्या या भागातल्या बोलण्याचं हे लिखित रूप आहे. मधला तीन ओळींचा कोड कानाने कळत नाही, म्हणून तो इथे जसाच्या तसा दिला आहे.)

आज जरा वेगळा विषय. पार्लरमध्ये खुर्चीवर बसलेल्या बाईचा फोटो घ्यायचा आणि केस कापण्याआधीच, रंग लावण्याआधीच तिला स्क्रीनवर दाखवायचं, की ताई, तुमचं असं दिसेल. गेले काही महिने मी आणि माझा एक मित्र नाशिकच्या एका तीन खुर्च्यांच्या पार्लरसाठी हे काम करतोय. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. ऐकायला सोपं वाटतं, कारण फोटो देऊन "केस बदल" म्हटलं की चित्र देणारी साधनं आज ढिगाने आहेत. अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

त्या पार्लरच्या ताई आधी असंच एक तयार अ‍ॅप वापरून बघत होत्या. फोटो टाकला, बॉब कट निवडला, चित्र आलं. बघणारी बाई खूश झाली. ताई मात्र बारीक नजरेच्या. म्हणाल्या, "अगं, हनुवटी बघ तिची. गालही आत गेलेत. रंग दोन छटा उजळलाय. हिला आवडतंय ते माझं कटिंग नाही, तो चेहरा आवडतोय. आणि तो मी कुठून आणू?"

मला वाटतं सगळा विषय या वाक्यात आला. पूर्वदर्शन म्हणजे तुलना असते. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो यांत एकच गोष्ट बदललेली असली, तरच बघणाऱ्याला त्या गोष्टीबद्दल मत बनवता येतं. केसांबरोबर चेहराही बदलला, तर ती नेमकं काय पसंत करतेय हे तिलाही कळत नाही आणि ताईंनाही. मग तीन तासांनी आरशात जुनाच चेहरा दिसतो आणि दोष कात्रीवर येतो.

आता चेहरा बदलतोच का, ते बघू. आपल्याला वाटतं, मॉडेल फोटोतले केस तेवढे खोडून नवे काढत असेल. तसं होत नाही. या प्रकारची बहुतेक मॉडेल्स आधी फोटो खूप आवळून एका छोट्या रूपात नेतात, तिथे काम करतात आणि मग पूर्ण फोटो पुन्हा रंगवून देतात. नेहमीच्या रचनेत आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनाचा एक ठिपका होतो. त्या चौकोनात ६४ पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे १९२ आकडे. त्यांच्या जागी जुन्या मॉडेलांत फक्त ४ आकडे उरतात, नव्या काहींत १६. परत उलगडताना बाकीचं मॉडेल आपल्या अंदाजाने भरतं.

आमच्या फोटोवर हे मांडून बघा. डोक्याभोवतीचा भाग कापून आम्ही १०२४ बाय १०२४ चा करतो. त्यात एक डोळा साधारण ७० पिक्सेल रुंद येतो, म्हणजे आवळलेल्या रूपात जेमतेम नऊ ठिपके. नाकातली चमकी असते आठेक पिक्सेलची, म्हणजे एकच ठिपका. चार आकड्यांत चमकी, तिची चमक आणि आजूबाजूची कातडी कशी मावणार? म्हणून चमकी पुसट होते, तीळ जातो, डोळ्याखालच्या रेषा गुळगुळीत होतात. आणि अंदाज भरताना मॉडेल ज्या फोटोंवर शिकलंय त्यांच्याकडे झुकतं. ते फोटो बऱ्याचदा छानछान, मेकअप केलेल्या चेहऱ्यांचे. म्हणून चेहरा त्या दिशेला सरकतो. सूचनेत "चेहरा बदलू नकोस" असं कितीही ठासून लिहिलं तरी आवळण्यात गेलेलं परत येत नाही.

त्यामुळे आमचा नियम साधा आहे. मॉडेलने काहीही दिलं तरी चेहऱ्याचे पिक्सेल मूळ फोटोतलेच परत बसवायचे. सारखे दिसणारे चालणार नाहीत, तेच हवेत.

हे एका खऱ्या उदाहरणावर सांगते. एक शिक्षिका आल्या होत्या. कमरेपर्यंत काळेभोर केस, खालच्या टोकांना जुन्या मेंदीची लालसर झाक. त्यांना हनुवटीपर्यंतचा बॉब हवा होता, जमलं तर कपाळावर फ्रिंज, आणि कॅरॅमल रंग. तिन्ही बदल एकदम, म्हणजे आमच्या प्रोग्रामची परीक्षाच.

पहिली पायरी फोटोची, आणि निम्मं काम इथेच बिघडतं किंवा सुधारतं. फोनचा ब्यूटी मोड बंद हवा, नाहीतर आपण कुलूप लावतोय तो चेहराच मुळात खरा नाही. सेल्फी नको. काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी ठेवतात आणि डावा भांग उजवीकडे जातो. मागच्या कॅमेऱ्याने, दीड मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून फोटो घ्यायचा. जवळून घेतला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, आणि मग कुठलाही कट विचित्र वाटतो. आणखी एक युक्ती ताईंच्याच पार्लरमुळे सुचली. खांद्यावर पांढरा टॉवेल असतोच. पिवळ्या दिव्याखाली सगळेच केस तांबूस दिसतात. त्या टॉवेलला पांढरा धरून आम्ही अख्ख्या फोटोचे रंग आधी दुरुस्त करतो. इथे कुणी म्हणेल, मग चेहराही बदललाच की. बरोबर. म्हणून ही दुरुस्ती सगळ्यात आधी, पूर्ण फोटोवर एकसारखी करायची आणि बाईंना "आधीचा फोटो" म्हणून हाच दाखवायचा. त्या क्षणापासून तो आपला मूळ. पुढची सगळी तुलना त्याच्याशी.

दुसरी पायरी, फोटोचे भाग पाडणं. चेहऱ्याचे भाग ओळखणारी मॉडेल्स मोफत मिळतात. 'सेलेबए-मास्क-एचक्यू' नावाच्या फोटोसंग्रहावर शिकवलेली बरीच आहेत. ती फोटोचे १९ गट करतात. त्वचा, भुवया, डोळे, नाक, ओठ, कान, कानातलं, मान, केस, कपडे वगैरे. टिकलीसाठी वेगळा गट नाही, पण ती सहसा त्वचेतच धरली जाते, त्यामुळे आपोआप कुलपात राहते. भुवयांकडे मात्र लक्ष हवं. नुसती 'केस' शोधणारी काही मॉडेल्स भुवयांनाही केसच समजतात आणि मग कॅरॅमल रंगाच्या भुवया येतात. ते चित्र बघून शिक्षिकाबाईंच्या मुलीने जे तोंड केलं ते मी इथे सांगत नाही.

आता खरी गंमत. बदलायची जागा म्हणजे आजचे केस, एवढंच नाही. बॉब करताना कमरेपर्यंतचे केस गेले की त्यांच्यामागे लपलेली मान, खांदा, कुर्ता, भिंत, हे सगळं नव्याने काढावं लागतं, कारण ते फोटोत नाहीच. उलट नव्या कटमध्ये गालावर जिथे आज केस नाहीत तिथे ते येणार. म्हणजे बदलायच्या जागेत आजचे केसही आले आणि उद्याचेही.

आणि चेहऱ्याचं कुलूप अगदी घट्ट ठेवलं तर? तर जत्रेतल्या फोटो स्टुडिओसारखं होतं. तिथे पडद्याला भोक असतं, त्यातून तोंड बाहेर काढायचं, खाली वाघावर बसलेलं धड. चेहऱ्याची कड कापून चिकटवल्यासारखी दिसते, कारण खऱ्या बॉबमध्ये केस गालाच्या कडेवर पडतात, चेहऱ्याच्या बाहेरून रांगेने उभे राहत नाहीत.

म्हणून आम्ही कुलपाचे दोन भाग केले. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून खाली हनुवटीपर्यंत उभ्या रेषा कल्पा. त्या रेषांच्या मधलं, भुवयांपासून हनुवटीपर्यंतचं सगळं, पक्कं कुलूप. तिथे काहीही बदलणार नाही. रेषांच्या बाहेरची गालांची पट्टी, आणि फ्रिंज निवडली असेल तरच कपाळ, ही सशर्त जागा. तिथे अट अशी, की मॉडेलने दिलेल्या चित्रात जिथे नवा केस आहे तेवढाच घ्यायचा, आणि केसांच्या मधून जिथे त्वचा दिसते तिथे मूळ त्वचा. त्यासाठी आलेल्या चित्रावर केस ओळखणारं मॉडेल पुन्हा एकदा चालवायचं. हे जमतं, कारण आपण फोटोतली ठरलेली जागाच भरायला सांगितलेली असते, त्यामुळे चेहरा जागचा हलत नाही. तो हलला असेल तर ते चित्र सरळ टाकून द्यायचं आणि नवं मागवायचं.

जोडाची कड मऊ करावी लागते, नाहीतर कात्रीची रेघ दिसते. आमच्या मापाच्या फोटोला सहा ते दहा पिक्सेल पुरतात. पण मऊपणा केसांच्या बाजूला पसरवायचा, चेहऱ्याच्या बाजूला अजिबात नाही. चेहऱ्याकडे पसरवला की जुनी आणि नवी कातडी अर्धी-अर्धी मिसळते आणि कपाळाला दोन केशरेषा दिसतात, एकीच्या मागे दुसरीची सावली असल्यासारखी. हा दोष ओळखायचा असेल तर कानाच्या वरचा भाग मोठा करून बघा, आधी तिथेच दिसतो.

एक गोष्ट राहतेच. खऱ्या फ्रिंजची कपाळावर सावली पडते. आमच्या चित्रात कपाळाची त्वचा मूळची, म्हणून सावली नाही, आणि फ्रिंज किंचित चिकटवल्यासारखी वाटते. सावली काढून देता येते, पण त्यासाठी त्वचा गडद करावी लागेल. माझा मित्र म्हणतो करूया, मी म्हणते नको. एकदा त्वचेला हात लावायची सवय लागली की थांबायचं कुठे, हा प्रश्न येतो. सध्या माझं चाललंय.

मग तपासणी. चेहरा तोच राहिला हे म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. पुष्कळ जण यासाठी चेहरा ओळखणारी मॉडेल्स वापरतात. दोन फोटो द्यायचे, ती साम्याचा आकडा देतात. पण ती मॉडेल्स बनवलीत मुळात फरकाकडे दुर्लक्ष करायला. दाढी वाढली, वय वाढलं, उजेड बदलला, तरी माणूस तोच, हे त्यांनी ओळखायचं असतं. त्यामुळे गाल आत गेले, रंग उजळला, तरी ती खुशाल "तीच व्यक्ती" म्हणणार. आपल्याला त्याहून कडक आणि खरं तर फार सोपी चाचणी हवी. वजाबाकी.

```python
out = np.where(lock[..., None], original, blended)
diff = np.abs(out.astype(int) - original.astype(int))
print(diff[lock].max())   # 0 यायलाच हवा
```

यात `lock` म्हणजे कुलपाची जागा, `original` मूळ फोटो आणि `blended` म्हणजे कडा मऊ करून जोडलेलं चित्र. पहिली ओळ कुलपातले पिक्सेल मूळ फोटोतून उचलते, शेवटची ओळ खात्री करते. ही तपासणी मेमरीतल्या चित्रावर नको, साठवलेली फाइल पुन्हा उघडून तिच्यावर करा. जेपीईजीमध्ये साठवलं तर शून्य येणार नाही, कारण ती पद्धत साठवताना सगळ्याच पिक्सेलना थोडं ढवळते. पीएनजी वापरा. आणि मुद्दा दिसण्याचाच असल्यामुळे ताईंसाठी एक बटणही ठेवलंय. ते दाबलं की आधीचा आणि नंतरचा फोटो त्याच जागी आलटून पालटून दिसतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या फोटोंत हनुवटी बारीक झालेली कळत नाही. त्याच जागी उघडझाप केली की ती हललेली लगेच दिसते.

आता रंग. आधीच सांगते, नुसता रंग बदलायचा असेल तर चित्र बनवणाऱ्या मॉडेलची गरजच नाही. केसांची जागा मिळाली की रंगाचं साधं गणित पुरतं. फोटो लॅब नावाच्या रंगपद्धतीत न्यायचा. तिथे उजेड एका आकड्यात असतो आणि रंगछटा दुसऱ्या दोन आकड्यांत. उजेड तसाच ठेवून छटा बदलली की केसांचा पोत, चमक, बटा सगळं जागच्या जागी राहतं. परदेशी व्हिडिओंमध्ये हे फार सुंदर दिसतं, कारण त्यांच्या उदाहरणातले केस आधीच फिके तपकिरी असतात.

आपल्या काळ्या केसांवर हेच करा, काहीच होत नाही. शिक्षिकाबाईंच्या केसांचा उजेड शंभरात सरासरी १२ होता. एवढ्या काळोखात छटा कुठलीही घाला, फार तर काळ्यात मरून झाक. आणि बघा, पार्लरमध्येही अगदी असंच होतं. काळ्या केसांवर नुसता रंग लावला तर तो फक्त उन्हात चमकतो. आधी केस उजळावे लागतात. म्हणजे गणितातही आधी उजेड वाढवायचा, मग छटा.

उजेड कसा वाढवायचा हे महत्त्वाचं. कॅरॅमलसाठी सरासरी ३८ च्या आसपास हवी. सगळीकडे सरसकट २६ मिळवले तर बटांच्या मधल्या खोल जागाही ३० वर जातात आणि केसांवर राख उडवल्यासारखं दिसतं. खोलगट जागा खोलच राहायला हव्यात. म्हणून ताणून वाढवायचं. जिथे ४ होते तिथे १२, जिथे १२ तिथे ३८, आणि माथ्यावरच्या चमकीला ३० होते तिथे ६२. याची एक किंमत आहे. फोनचा फोटो काळ्या भागात खडबडीत असतो, उजेड वाढवला की ते डाग वर येतात. यावर गणितापेक्षा फोटोतच उपाय बरा. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी, म्हणजे केसांवर उजेड पडतो.

कडेचे सुटे केस हा अजून एक त्रास. तिथला प्रत्येक पिक्सेल अर्धा केस आणि अर्धी भिंत असतो. जागा "केस आहे" किंवा "नाही" अशी दोनच भागांत ठरवली, तर कॅरॅमल केसांभोवती साडीच्या किनारीसारखी काळी किनार राहते. त्याऐवजी प्रत्येक पिक्सेलला किती टक्के केस आहे तो आकडा द्यायचा आणि रंग त्या प्रमाणात लावायचा.

पण चित्र नीट आलं म्हणजे ते खरं होईल असं नाही, आणि इथे मला कोडपेक्षा ताईंकडून जास्त शिकायला मिळालं. केसांचा गडदपणा पार्लरमध्ये १ ते १० अशा पातळ्यांत मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. शिक्षिकाबाई २ वर. कॅरॅमल साधारण ६. चार पातळ्या चढायच्या. २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, कलरबरोबर एक-दोन पातळ्या चढवतो. ३० चा दोन-तीन. चारसाठी ब्लीच करून आधी केस उजळावेच लागतात. काळे केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होत जातात. ६ वर नारिंगी बाहेर येतो. कॅरॅमल उबदार रंग, त्यामुळे तो नारिंगी उपयोगी पडतो. पण याच बाईंना कुणी अ‍ॅश ब्लाँड दाखवला असता तर? गणिताला सगळं सारखंच. केसांना नाही. एका बैठकीत तिथे पोचायला गेलं तर केस तुटतील.

मग मेंदीचा प्रश्न. मेंदी लावलेले केस नारिंगी धरून बसतात, आणि बाजारातल्या काही काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड गेलं की केस तापून खराब होऊ शकतात. बाई म्हणाल्या, मेंदी सोडून दोन वर्षं झाली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोन वर्षांत ३० सेंटिमीटरच्या आसपास. माथ्यापासून हनुवटीपर्यंतचा बॉब जवळपास तेवढाच. म्हणजे आधी कापले तर मेंदीचा बहुतेक भाग जमिनीवर. ताईंनी क्रम ठरवला. आधी कट, मग टोकाच्या एका बटेवर चाचणी, मग रंग. शिवाय रंगाची ४८ तास आधीची त्वचेची चाचणी वेगळीच, म्हणून रंग दुसऱ्या दिवसांवर गेला.

यावरून आम्ही प्रोग्राममध्ये दोन रकाने घातले. आजची पातळी आणि केसांचा इतिहास, म्हणजे मेंदी, काळा डाय, स्मूदनिंग. ते ताई भरतात, गिऱ्हाईक नाही. तीन पातळ्यांपेक्षा जास्त चढायचं असेल तर एका चित्राऐवजी दोन येतात. पहिल्यावर लिहिलेलं असतं "पहिली बैठक", आणि तो रंग खराच थोडा नारिंगी दाखवतो. आधी डाय लावलेल्या केसांवर फिके रंग बंदच ठेवलेत, कारण कलरने कलर उजळत नाही.

शिक्षिकाबाईंनी दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. बॉब पक्का केला. फ्रिंजच्या चित्रावर त्यांना वाटलं कपाळ झाकून चेहरा जड दिसतोय. चेहरा त्यांचाच होता, म्हणून ते त्यांना दिसलं. फ्रिंज रद्द.

तसंही ताईंनी केस ओले करून बघितले तेव्हा कपाळाच्या उजव्या बाजूला भोवरा निघाला. तिथली झुलपं काही केल्या खाली बसत नव्हती, उभीच राहत होती. समोरून घेतलेल्या कोरड्या केसांच्या फोटोत भोवरा कळत नाही आणि मॉडेल मात्र फ्रिंज सपाट पडलेली दाखवतं. म्हणून आता प्रोग्राममध्ये फ्रिंजचा पर्याय आपोआप येत नाही. ताई केस ओले करून, हाताने पाडून बघतात, आणि त्यांनी खूण केली तरच तो उघडतो.